चोरीच्या आधीचा एक फोटो : देव परत आणायचा असेल तर गावाकडे काय असायला पाहिजे?

जुने शहर, अकोला : श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी येतात, तेव्हा राजराजेश्वराच्या मंदिरापाशी पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी चोराची हिंमत होत नाही. पण मोर्णेच्या अलीकडच्या या जुन्या वस्तीत गल्लीगल्लीत लहान मंदिरं आहेत, जुन्या वाड्यांत पिढीजात देवघरं आहेत. तिथं वर्षातले बाकीचे दिवस एक लोखंडी जाळी, एक कुलूप अन् सकाळ-संध्याकाळ येणारा एक पुजारी, एवढाच बंदोबस्त असतो. बाळापूर, पातूर, मूर्तिजापूर, बार्शीटाकळी कुठल्याही तालुक्यात जा, परिस्थिती हीच.

आता एक प्रश्न प्रत्येक गावाने स्वतःला विचारून पाहावा. उद्या सकाळी पुजारी गाभाऱ्यात गेले अन् देवाची जागा रिकामी दिसली, तर ठाण्यात दाखवायला फोटो कोणता आहे? मोबाईल सगळ्यांकडे आहेत. आरतीचे व्हिडिओ आहेत, सजावटीचे फोटो आहेत, देवापुढे उभं राहून काढलेले सेल्फीही आहेत. पण त्यात दिसतो तो टोप, हार, पातळ अन् चांदीचा मुखवटा. मूर्ती त्याच्या मागे झाकलेली असते. चोर मूर्ती नेतो तेव्हा हार अन् पातळ उतरवूनच नेतो. मग जी मूर्ती सापडेल ती आपलीच, हे सिद्ध कसं करायचं?

मूर्तिचोरीच्या प्रकरणांत सगळं घोडं इथेच अडतं. कुलूप चोरी अडवतं, पण चोरी झाल्यावर देव परत आणतो तो चोरीच्या आधी काढलेला फोटो अन् केलेली नोंद. हे नुसतं म्हणणं नाही. तामिळनाडूतल्या दोन गावांच्या दोन नटराजांनी ते दाखवून दिलं आहे.

दोन नटराज, दोन गोष्टी

पहिली गोष्ट पथूर गावची. १९७६ साली तिथे पडक्या शिवमंदिराजवळ खोदकाम करताना एका मजुराला जमिनीत पुरलेल्या धातूच्या मूर्ती सापडल्या. त्यात एक नटराज होता. मजुराने तो थोडक्या पैशात विकला. हातोहात फिरत मूर्ती लंडनला पोचली अन् कॅनडाच्या एका कंपनीने ती विकत घेतली. १९८२ मध्ये ती ब्रिटिश म्युझियममध्ये दुरुस्तीसाठी असताना लंडनच्या पोलिसांनी जप्त केली. मग सुरू झाला खटला.

मूर्ती जमिनीत पुरलेली असल्यामुळे तिचा जुना फोटो असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे ती पथूरचीच आहे हे सिद्ध करायला तज्ज्ञांना धातू तपासावा लागला. मूर्तीला चिकटलेली माती गावच्या मातीशी ताडून पाहावी लागली. मूर्तीवर वाळवीने केलेले मातीचे माग आहेत, तसेच माग त्याच गावात सापडलेल्या दुसऱ्या मूर्तींवर आहेत का, हेही पाहावं लागलं. १९८८ मध्ये निकाल भारताच्या बाजूने लागला, मग अपील झालं, अन् १९९१ मध्ये नटराज घरी आला. मूर्ती पकडल्यापासून नऊ वर्षं गेली.

दुसरी गोष्ट श्रीपुरंथन गावची. तिथलं चोळ राजांच्या काळातलं शिवमंदिर बंद पडलं होतं. रोजची पूजा नाही, ये-जा नाही, दाराला कुलूप. २००६ च्या सुमाराला चोरांनी एकेक करून मूर्ती काढल्या. गावाला त्याचा पत्ता २००८ मध्ये लागला. दोन वर्षं कुलूप दारावर होतं अन् आत देव नव्हता.

तोवर तिथला नटराज न्यूयॉर्कच्या सुभाष कपूर या व्यापाऱ्याच्या हातून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाला सुमारे ५० लाख डॉलरला विकला गेला होता. मूर्ती १९७२ च्या कायद्याआधीच भारताबाहेर गेली होती, असं दाखवणारी बनावट कागदपत्रं सोबत होती. कागद बघितले तर सगळं रीतसर.

पण एक गोष्ट चोरांना माहीत नव्हती. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने तामिळनाडूतल्या हजारो मूर्तींचे फोटो काढून ठेवले होते. त्यात १९९४ साली याच मंदिरात काढलेला याच नटराजाचा फोटो निघाला. दोन फोटो शेजारी ठेवल्यावर बनावट कागदांची किंमत शून्य झाली. जी मूर्ती १९९४ साली गावच्या मंदिरात उभी आहे, ती त्याच्या वीस वर्षं आधी परदेशात कशी असेल? सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी दिल्लीत येऊन मूर्ती परत केली. सुभाष कपूरला २०११ मध्ये जर्मनीत अटक झाली, २०१२ मध्ये भारतात आणलं गेलं अन् २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने त्याला तामिळनाडूतल्याच दुसऱ्या एका मंदिराच्या चोरीत १० वर्षांची शिक्षा सुनावली.

एकाला माती अन् वाळवी तपासत लंडनच्या कोर्टात झगडावं लागलं. दुसऱ्याच्या वेळी एका जुन्या फोटोने परदेशी कलादालनाला माघार घ्यायला लावली. वऱ्हाडातल्या गावांनी लक्षात ठेवावा असा फरक हाच आहे.

नोंद नसेल तर कायदाही लंगडा

चोरीची सांस्कृतिक संपत्ती परत करण्याचा १९७० चा युनेस्कोचा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारत त्यात १९७७ मध्ये सामील झाला. मंदिरातून किंवा संग्रहालयातून चोरलेली वस्तू परत करायची तरतूद त्यात आहे, पण एका अटीवर. ती वस्तू त्या मंदिराच्या किंवा संस्थेच्या यादीत नोंदलेली असली पाहिजे. म्हणजे नोंद नसली की मागणीचा पायाच कच्चा.

अन् देशात नोंदीची स्थिती काय? राष्ट्रीय स्मारक व पुरावस्तू अभियान २००७ पासून हे काम करतं. संसदेच्या समितीच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात अंदाजे ५८ लाख पुरावस्तू असाव्यात अन् त्यातल्या सुमारे १६ लाख ८० हजारांचीच नोंद झाली होती. दिल्लीहून कोणी येऊन आपल्या गल्लीतल्या विठोबाचा फोटो काढेल याची वाट पाहत बसलो, तर पिढी निघून जाईल.

मंदिर न्यास नोंदणीकृत असेल तर महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानेच स्थावर-जंगम मालमत्तेची नोंदवही ठेवणं बंधनकारक आहे. ही वही उघडून पाहावी. त्यात नुसतं 'देवाची मूर्ती, नग १' एवढंच लिहिलेलं असेल, तर ती नोंद चोरीनंतर काही कामाची नाही. असे 'नग १' महाराष्ट्रात हजारो निघतील.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तू अन् कलानिधीचा. १०० वर्षांपेक्षा जुनी मूर्ती कायद्याच्या भाषेत पुरावस्तू ठरते. हस्तलिखिताला ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. दगडाच्या, धातूच्या, मातीच्या जुन्या मूर्ती ज्याच्या ताब्यात आहेत त्याने पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे फोटोसह अर्ज करून नोंदणीचा दाखला घ्यायचा असतो.

इथे लोक दचकतात. "सरकारला सांगितलं तर मूर्ती म्युझियममध्ये नेऊन ठेवतील," ही भीती जुनी आहे अन् खरीही वाटते. पण नोंदणीने मालकी बदलत नाही, पूजाही बंद होत नाही. सरकारला पुरावस्तू सक्तीने ताब्यात घेण्याचा अधिकार त्या कायद्यात आहे खरा, पण जी मूर्ती खरोखर पूजेत आहे तिला हा अधिकार लागू होत नाही, असं त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. मूर्ती दुसऱ्याच्या हाती गेली तर कळवावं लागतं, अन् विनापरवाना देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. या दोन्ही गोष्टी गावाच्या फायद्याच्याच आहेत.

एका मूर्तीची नोंद कशी करायची

समजा, जुन्या शहरातल्या एका वाड्याच्या मंदिरात पितळेची वीतभर विठ्ठलाची मूर्ती आहे. तिची नोंद करायला एक माणूस फोटोला, एक लिहायला अन् पुजारी मूर्ती हाताळायला, एवढे तिघं पुरतात. वेळ लागतो अर्धा तास.

पहिली गोष्ट पुजाऱ्याची अन् विश्वस्तांची परवानगी. फोटो अलंकार उतरवून काढायचा असल्यामुळे हे काम परस्पर करू नये. सगळ्यात सोपी वेळ म्हणजे अभिषेकाची. तेव्हा वस्त्रं उतरलेलीच असतात. मूर्तीला हात पुजाऱ्यानेच लावावा. काही ठिकाणी उघड्या मूर्तीचा फोटो काढण्याला घरच्यांचा विरोध असतो. तिथे तो फोटो कोणालाही न पाठवता पाकिटात बंद करून ठेवायचा, असं ठरवलं तर बहुतेक वेळा वाट निघते.

मूर्ती कोरडी झाली की गडद रंगाच्या साध्या कापडावर किंवा घोंगडीवर ठेवावी. उजेड ओसरीतला, सावलीतला. फ्लॅश मारू नये. पितळेवर फ्लॅश पडला की पांढरा डाग येतो अन् नेमका चेहरा पुसला जातो. शेजारी मुलांच्या कंपासमधली पट्टी उभी ठेवावी, म्हणजे आकार फोटोतच दिसतो. मोबाईल मूर्तीच्या छातीच्या उंचीवर धरावा. उभ्याने वरून काढला तर डोकं मोठं अन् पाय बारीक येतात.

फोटो समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून अन् तळाचा असे सहा. यातला मागचा अन् तळाचा फोटो सगळ्यात मोलाचा. समोरून एका साच्यातल्या दोन मूर्ती सारख्या दिसतात. पण तळाची पोकळी, ओतकामात राहिलेलं छिद्र, कानशीचे ओरखडे, जुना झाळ हे दोन मूर्तींचे कधीच सारखे नसतात.

त्यानंतर खुणांचे जवळून फोटो. झिजलेलं नाक, तुटलेलं बोट, पीठाचा टवका, मागे कोरलेलं नाव किंवा शक. अक्षरं पुसट असतील तर खोलीत अंधार करून टॉर्च एका बाजूने आडवी धरावी. सावली पडते अन् समोरून न दिसणारी अक्षरं उठून येतात.

मग वहीत लिहायचं. जगभरचे पोलीस अन् संग्रहालयं वापरतात ती 'ऑब्जेक्ट आयडी' नावाची पद्धत १९९७ पासून आहे. तिच्यात विचारलेल्या गोष्टी साध्याच आहेत. वस्तू काय, कशाची बनलेली, कशी बनवलेली, उंची-रुंदी-जाडी किती, काही लिहिलेलं आहे का, वेगळी खूण कोणती, कोणाची मूर्ती, किती जुनी, कोणी घडवली. आपल्या विठोबाची नोंद अशी होईल : 'विठ्ठल, उभी मूर्ती, पितळ, ओतीव. उंची पीठासह २२.५ सेंटीमीटर, पीठ ९ बाय ७. वजन २ किलो १४० ग्रॅम. दोन्ही हात कमरेवर. डाव्या हाताच्या करंगळीचं टोक तुटलेलं. पीठाच्या मागे उजव्या कोपऱ्यात झाळ. तळ पोकळ, आत गोल छिद्र. लेख नाही. घडवणारा माहीत नाही. घराण्यात चार पिढ्यांपासून असल्याचं सांगतात.'

यात दोन पथ्यं आहेत. धातूच्या मूर्तीचं वजन दुकानातल्या इलेक्ट्रिक काट्यावर ग्रॅमपर्यंत घ्यावं, कारण कोणी मूर्ती बदलून हुबेहूब दुसरी ठेवली तर पहिल्यांदा फरक वजनातच सापडतो. अन् वय माहीत नसेल तर 'हजार वर्षांची' असं ठोकून देऊ नये. कोर्टात एक चुकीची गोष्ट निघाली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका घेतात.

शेंदराखालचा देव अन् पिंपळाखालचा दगड

दगडी मूर्तींचं थोडं वेगळं आहे. मारुती, भैरोबा, माय यांच्यावर शेंदराची जाड पुटं चढलेली असतात. आतली मूर्ती कशी आहे हे आजच्या पिढीने पाहिलेलंच नसतं. फोटोसाठी शेंदूर खरवडायला जाऊ नये, मूर्तीला इजा होते. आहे तशीच मापं घ्यावीत. कवच आपोआप गळून पडलं किंवा जाणकारांच्या देखरेखीत उतरवलं, तर त्याच दिवशी आतल्या मूर्तीचे फोटो घ्यावेत. जुन्या दगडी मूर्तीला ऑइल पेंट देण्याचा उत्साहही आवरावा. रंगाखाली टाकीचे घाव, झीज, अक्षरं सगळं बुजतं. मूर्तीची ओळखच त्याच्यात असते.

सगळ्यात जास्त धोका आहे तो देवळाबाहेर पडलेल्या दगडांना. वऱ्हाडात जुन्या हेमाडपंती देवळांचे अवशेष ठिकठिकाणी आहेत. बार्शीटाकळीचं जुनं देऊळ, पातूरची लेणी यांना केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे. पण पिंपळाच्या पारावर टेकवलेली वीरगळ, विहिरीच्या काठावरची भग्न देवी, शाळेच्या भिंतीला लावून ठेवलेला कोरीव खांब यांना कोणी वाली नाही. भग्न मूर्ती पूजेत नसते, म्हणून ती गेली तरी महिनोन् महिने कोणाच्या लक्षात येत नाही. यांची नोंद आधी करावी. फोटोत दगडाबरोबर पार, विहीर, शाळेची पाटी असं न हलणारं काहीतरी येऊ द्यावं, म्हणजे दगड कुठला होता हेही फोटोच सांगतो.

फोटो ठेवायचा कुठे

एका पोराच्या मोबाईलमध्ये राहिलेला फोटो म्हणजे नोंद नव्हे. मोबाईल पडला, फुटला, फॉरमॅट झाला की संपलं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो अन् कधी, कोणत्या मोबाईलने काढला ही माहितीही निघून जाते. म्हणून पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा अन् मूळ फाईल पेनड्राइव्हवर ठेवावी. कोणी काढला, कोणत्या तारखेला, कोणाच्या समोर, हे वहीत लिहून तिघांच्या सह्या घ्याव्यात. पुढे कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा झाला तर फोटो काढणाऱ्याचं अन् त्या मोबाईलचं प्रमाणपत्र मागतात, तेव्हा ही ओळ उपयोगी पडते.

फोटो छापून वहीत चिकटवावेत अन् वहीच्या तीन प्रती कराव्यात. एक विश्वस्तांकडे, एक ग्रामपंचायतीत किंवा वाड्याच्या दुसऱ्या घरी, एक पोलीस ठाण्यात अर्जासोबत देऊन पोच घेतलेली. तिन्ही प्रती मंदिरातच ठेवल्या तर काही उपयोग नाही. अन् ही वही गावाच्या ग्रुपवर टाकू नये. मूर्ती कशाची, वजन किती, कुठल्या गाभाऱ्यात, हे सगळं एका पानावर चोराला घरपोच देण्यासारखं होईल. अंदाजे किंमत तर त्यात लिहूच नये.

राखण कोणाची, कशी

नोंद झाली म्हणजे कुलूप काढून ठेवायचं असं नाही. पण राखणीचे डोळे कुठे असावेत हे समजून घ्यायला पाहिजे.

श्रीपुरंथनचा धडा असा, की रोज दार उघडलं पाहिजे अन् रोज मोजलं पाहिजे. गाभाऱ्यात लहान-मोठ्या सात मूर्ती असतील तर पुजाऱ्याने सकाळी अन् रात्री सात मोजायच्या अन् दाराआड लावलेल्या कॅलेंडरवर टिंब करायचं. एवढ्याने चोरी कोणत्या बारा तासांत झाली हे नक्की सांगता येतं. किल्ल्या किती अन् कोणाकडे, हेही लिहिलेलं असावं. पुजारी बदलला की कुलूप बदलावं अन् मूर्ती मोजून, वजन करून ताबा द्यावा-घ्यावा. जे मंदिर कायम बंद असतं, तिथल्या लहान धातुमूर्ती विश्वस्तांच्या ठरावाने, पंचनामा करून वस्तीतल्या मंदिरात हलवलेल्या बऱ्या.

सीसीटीव्ही असेल तर त्याचं रेकॉर्डिंगचं खोकं मंदिरात ठेवू नये. चोर जाताना तेही घेऊन जातो. वायर ओढून ते शेजारच्या घरात ठेवावं. लाइट गेल्यावर कॅमेरा चालतो का, हे महिन्यातून एकदा मेन बंद करून बघावं.

दिवसाउजेडी येणाऱ्या माणसांवरही लक्ष पाहिजे. मूर्ती फुकट पॉलिश करून देतो म्हणणारा, जुनी मूर्ती घेऊन नवी मोठी बसवून देतो म्हणणारा, ओळखपत्र न दाखवता गाभाऱ्याची मापं घेणारा 'अभ्यासक'. खरा अभ्यासक नाव-गाव लिहून द्यायला कचरत नाही. मंदिरात भेट-वही ठेवावी, गाडीचा नंबर टिपून ठेवावा, अन् मूर्ती कोणत्याही कारणाने बाहेर जाऊ देऊ नये. वज्रलेप किंवा दुरुस्ती करायचीच तर मंदिरातच, आधी अन् नंतर फोटो घेऊन.

मात्र राखण म्हणजे झुंज नव्हे. दिवेआगरच्या सोन्याच्या गणपतीची चोरी सगळ्या महाराष्ट्राला आठवते. मार्च २०१२ मध्ये दरोडेखोरांनी तिथल्या दोन पहारेकऱ्यांचा जीव घेतला. सोन्याचा मुखवटा वितळवला गेला. मुखवट्याचे फोटो घरोघरी होते, पण वितळलेल्या सोन्याला चेहरा नसतो. २०२१ मध्ये गावात नवा मुखवटा बसला, गेलेली माणसं मात्र परत आली नाहीत. त्यामुळे सोनं-चांदी उत्सवापुरतीच बाहेर काढून एरवी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. अन् रात्री मंदिरात आवाज आला तर एकट्याने आत शिरू नये. ११२ ला फोन लावावा, शेजाऱ्यांना उठवावं, भोंगा असेल तर वाजवावा, लाइट लावावेत, गाडी कोणत्या बाजूला गेली ते बघावं.

चोरी झालीच तर

जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थ गावात, समर्थ रामदासांच्या जन्मगावी, ऑगस्ट २०२२ मध्ये राममंदिरातल्या पंचधातूच्या मूर्ती गेल्या. पण तिथे पूजा रोजची होती, त्यामुळे चोरी सकाळीच उघडकीला आली अन् बातमी लगेच राज्यभर गेली. प्रकरण विधानसभेतही गाजलं. त्याच वर्षी दिवाळीनंतर पोलिसांनी आरोपी पकडून मूर्ती हस्तगत केल्या. श्रीपुरंथनला दोन वर्षं कळलंच नव्हतं, इथे पहिल्याच सकाळी कळलं. मूर्ती देशाबाहेर जायच्या किंवा भट्टीत पडायच्या आत तपास सुरू होतो तो असा.

म्हणून चोरी कळली की गाभारा धुऊ नये, झाडू नये, गर्दीला आत सोडू नये. बोटांचे ठसे, कापलेल्या कुलपाचा तुकडा, पायांचे माग पोलिसांना तसेच मिळाले पाहिजेत. नोंदवही घेऊन ठाण्यात जावं अन् तक्रारीत 'पितळी मूर्ती' एवढंच न लिहिता माप, वजन, खुणा फिर्यादीत उतरवून घ्याव्यात, फोटो सोबत जोडावेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये पूजास्थानातल्या मूर्तीच्या चोरीचा वेगळा उल्लेख आहे अन् सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. साध्या चोरीचं कलम लावलेलं दिसलं तर नम्रपणे हे लक्षात आणून द्यावं.

मूर्ती मोलाची असेल तर सीबीआयमार्फत इंटरपोलच्या यादीत तिचा फोटो घालावा, अशी मागणी पोलिसांकडे लेखी करता येते. या यादीत जगभरच्या ५० हजारांहून जास्त चोरीच्या वस्तू आहेत. ती ID-Art या मोफत ॲपवर कोणालाही बघता येते अन् विकत घेणारा व्यापारीही बघतो. फोटो नसलेली मूर्ती मात्र त्या यादीत शोधून सापडणार कशी?

मूर्ती सापडली की ती आधी मुद्देमाल असते. कोर्टाचा आदेश झाल्यावरच ती सुपूर्दनाम्यावर मिळते. दोन गावांनी एकाच मूर्तीवर हक्क सांगितला, तर करंगळीचं तुटलेलं टोक अन् २ किलो १४० ग्रॅम हे आकडे तिथे बोलतात.

शेतात नांगरताना किंवा घराचा पाया खोदताना मूर्ती निघाली तर ती परस्पर बसवून टाकू नये अन् विकूही नये. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गावासाठी सोपा मार्ग म्हणजे तलाठी अन् तहसीलदार. मूर्तिजापूर तालुक्यातल्या राजनापूर खिनखिनीला सापडलेल्या जैन धातुमूर्ती आज नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहेत, अन् त्यांच्यासोबत राजनापूर खिनखिनीचं नावही अभ्यासकांच्या पुस्तकांत गेलं आहे. पथूरच्या मजुराने विकला तो नटराज मात्र लंडनच्या कोर्टातून सोडवून आणावा लागला.

जुन्या शहरापासून खेड्यातल्या पारापर्यंत या कामाला लागतं ते एक कापड, एक पट्टी, दुकानातला काटा अन् बहुतेकांच्या खिशात असलेला मोबाईल. पुढच्या अभिषेकाच्या दिवशी देवाची वस्त्रं उतरतीलच. त्या अर्ध्या तासात मागचा अन् तळाचा फोटो तेवढा राहून जाऊ नये.